आजीचे मापटे
(केंद्रसंमेलनातील भाषण)



चौथी-पाचवीच्या मुलांना ‘घरातील वृद्धांकडून जुन्या काळची माहिती लिहून आणा’ असा गृहपाठ पुष्कळ शाळांतून दिला जातो. मूल वही उघडून आजीपुढे बसते आणि लिहून दिलेला प्रश्न वाचते : ‘तुमच्या काळी जीवन कसे होते?’ आजी म्हणते, ‘काय सांगायचं बाळा, लई हाल होतं.’ एवढ्यावर संभाषण संपते. दोष आजीचा नाही, मुलाचाही नाही. साऱ्या आयुष्याचे उत्तर एका वाक्यात मागणारा तो प्रश्नच चुकीचा असतो.

मंगळवेढे तालुक्यातील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आजीचे वय अठ्ठ्याहत्तर, नातू पाचवीत. आजी शाळेत गेलेली नाही; नातवाची पुस्तके व दूरचित्रवाणी तिला परकी. परंतु ज्वारी दोघांचीही आहे. ती रोज दोघांच्या ताटात असते. यास्तव नातवाने वहीऐवजी माळ्यावरचे जुने मापटे आणि सुपात थोडी ज्वारी घेऊन बसावे व विचारावे, ‘आज्जी, हे मापटं भरायचं कसं?’

आता आजीचे हात बोलू लागतात. ‘शीग लावून का हात फिरवून? आधी ते सांग.’ शीग म्हणजे मापाच्या काठावर राहिलेली रास. हात फिरवला म्हणजे माप सपाट होते. मग ती सांगते, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. नातवाने एक मापटे ज्वारी व एक मापटे बाजरी दुकानातील काट्यावर तोलून आणावी. दोन्ही वजने सारखी येत नाहीत. मापटे जागा मोजते, किलोग्रॅम वजन मोजतो, हा भेद त्याला तेथे समजतो. 1958 पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने आली, हे पुस्तकात असते. त्या वेळी घराघरांत कसा घोळ झाला, हे आजीच सांगू शकते. येथे नातवाला खरोखर हवे असलेले काहीतरी आजीपाशी आहे. समान विषय म्हणतात तो हाच.

यानंतर सबुरीचा भाग येतो. वार्धक्यात बहुधा उंच पट्टीचे ध्वनी प्रथम ऐकू येईनासे होतात. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने निसटतात. आवाज येतो, पण शब्द कळत नाही. मुले अशा वेळी ओरडतात आणि आजीला वाटते, पोर रागावले. नातवाने दूरचित्रवाणी बंद करावी, आजीला आपले तोंड दिसेल असे उजेडात समोर बसावे व नेहमीच्या आवाजात सावकाश बोलावे. वाक्य कळले नाही तर तेच पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगावे. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. आठवण वर येण्यास वेळ लागतो. मध्येच दुसरा प्रश्न टाकला की पहिलाही बुडतो.

ज्वारीवरून बोलणे पुढे 1972 च्या दुष्काळाकडे जाते. त्या वर्षी आजी खडी फोडायला जात होती आणि परदेशातून आलेला लाल मिलो घरी शिजत होता. मिलोची हकीकत ती दर खेपेस सांगते. ‘हे तू कालच सांगितलंस’ या वाक्याने दार बंद होते. त्याऐवजी नातवाने त्याच हकीकतीत एक पाऊल आत जावे : ‘मग कामावर दुपारी काय खायचीस?’ आजी थोडी थांबते. ‘सुकडी मिळायची. निम्मी खायची, निम्मी पदरात बांधून तुझ्या थोरल्या चुलत्याला आणायची.’ ही गोष्ट आजवर घरात कोणी विचारलीच नव्हती, म्हणून सांगितलीही गेली नव्हती.

तथापि येथे मर्यादाही आहे. त्या वर्षांत काही घरांतून माणसेही गेली. आजीने नजर खाली घातली, पदर डोळ्यांना लावला, तर वही पुढे करू नये. ज्वारी निवडण्यात तिच्याबरोबर हात घालावा आणि गप्प बसावे. सन चुकला तरी तो तिच्यासमोर दुरुस्त करू नये, वर्गात तपासावा. मात्र जुनी गोष्ट पुन्हा सांगणे निराळे आणि नुकताच विचारलेला प्रश्न घटकाघटकाने पुन्हा विचारणे, घरची माणसे न ओळखणे निराळे. हे दुसरे आढळल्यास मुलाने घरच्या मोठ्यांना सांगावे व आजीस डॉक्टरांकडे न्यावे.

तेव्हा पुढील गृहपाठ देताना दहा प्रश्न लिहून देऊ नयेत. ‘घरातील एक जुनी वस्तू घ्या आणि ती कशी वापरावी हे आजी-आजोबांकडून शिकून या’ एवढेच सांगावे. दुसऱ्या दिवशी मुलाची वही कोरी असली तरी चालेल. त्याला मापटे नीट भरता आले आणि सुकडीची निम्मी वाटणी कोणासाठी होती हे सांगता आले, म्हणजे गृहपाठ झाला असे समजावे.