अर्धा तास थांबा



सकाळच्या सत्रात एका तरुण जलसुरक्षकाने मला विचारलं, "साहेब, ओटी टेस्टला पिवळा रंग आला म्हणजे आमचं काम झालं ना?" मी त्याला म्हणालो, याचं उत्तर संध्याकाळी माइकवरून देतो. अध्यक्षाने सगळ्या विषयांना हात लावावा अशी आपल्याकडे रीत आहे. मी ती मोडून एवढ्या एकाच प्रश्नाला धरून बोलणार आहे.

नोकरीत असताना कावीळ पसरली म्हणून मला मराठवाड्यातल्या एका गावी पाठवलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. पन्नास हजार लिटरची उंच टाकी, पाणी बोअरचं. वहीत रोज ‘ओटी पॉझिटिव्ह’ असा शेरा होता आणि वही खोटी नव्हती. मी स्वतः नळावर नमुना घेतला, रंग जुळवून पाहिला, मुक्त क्लोरीन लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम भरलं. भारतीय मानक किमान 0.2 मागतं, आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर 0.5. म्हणजे कागदावर गाव उत्तीर्ण होतं. गावकरी मात्र माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता जाऊन टाकीखाली बसलो. पंप सुरू झाला. ऑपरेटरने शिडी चढून टीसीएलची कोरडी पावडर झाकणातून आत टाकली, खाली उतरला, आणि दहा मिनिटांत व्हॉल्व्ह फिरवला. वरून भरणं चालू, खालून सोडणं चालू. त्याचाही दोष नव्हता. वीज जाण्याआधी पाणी वाटून मोकळं व्हायचं असायचं.

क्लोरीन जंतूला शिवताक्षणी मारत नाही, त्याला वेळ लागतो. किती लागेल हे ढोबळमानाने दोन आकड्यांच्या गुणाकारावर ठरतं: क्लोरीन किती आणि मिनिटं किती. लिटरमागे 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन 30 मिनिटं राहिलं तर गुणाकार 15. दहाच मिनिटं मिळाली तर 5. नळावरचा रंग दोन्ही वेळा सारखाच पिवळा येतो, कारण तो फक्त पहिला आकडा सांगतो.

व्हॉल्व्ह उघडा ठेवून टाकी भरली तर हिशेब आणखी फसवा होतो. पन्नास हजार लिटरच्या टाकीतून मिनिटाला पाचशे लिटर जात असेल, तर भागाकार करून आपण म्हणतो, पाणी शंभर मिनिटं टाकीत राहिलं. पण टाकीत आडव्या भिंती नसतील आणि आत येणारा व बाहेर जाणारा नळ शेजारी-शेजारी असतील, तर काही पाणी जवळच्या वाटेने सरळ निघून जातं. अशा टाकीला हिशेबातल्या वेळेच्या एक दशांश एवढीच धरायची, असा अमेरिकन अभियंत्यांचा संकेत आहे. शंभर मिनिटांची झाली दहा. म्हणून आपल्या गावांना साधी रीत बरी: टाकी भरा, औषध घाला, थांबा, मग सोडा.

वेळेचं एवढं कळल्यावरही माझं समाधान होईना. मी त्या पाण्याचा सामू मोजला. 8.4 निघाला. शेतीमुळे सामू हा शब्द आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे, पण पाणीपुरवठ्याच्या वहीत तो रोज लिहिलेला मी क्वचितच पाहिला.

टीसीएल पाण्यात विरघळलं की मुक्त क्लोरीन दोन रूपांत राहतं. एक हायपोक्लोरस आम्ल, दुसरं हायपोक्लोराइट. पहिल्यावर विद्युतभार नसतो. जंतूच्या आवरणातून ते सहज आत शिरतं. दुसऱ्यावर ऋण भार, जंतूच्या पृष्ठभागावरही ऋण भार, त्यामुळे दारातच अडतं. जंतू मारण्याच्या ताकदीत पहिलं दुसऱ्याच्या जवळपास ऐंशी ते शंभर पट. आणि कोणतं रूप किती, हे सामू ठरवतो. सामू 7 असेल तर सुमारे तीन चतुर्थांश क्लोरीन पहिल्या रूपात असतं. 7.5 च्या आसपास निम्मं-निम्मं. 8.4 ला जेमतेम अकरा टक्के.

म्हणजे त्या गावच्या 0.5 पैकी कामाचं क्लोरीन होतं 0.06 च्या आत. तेच पाणी सामू 7 चं असतं तर 0.38 मिळालं असतं, जवळपास सातपट. ओटीला किंवा डीपीडीला हा फरक दिसत नाही, त्या दोन्ही रूपं एकत्र मोजतात. जागतिक आरोग्य संघटना 0.5 मिलिग्रॅम आणि तीस मिनिटं सांगते, तेव्हा सामू 8 च्या खाली असावा ही अट तिथेच जोडलेली असते. आपण आकडे पाठ केले आणि अट गाळली.

हे रूपांतर उलटही होतं, ही त्यातली जमेची बाजू. पहिलं रूप खर्च झालं की दुसऱ्यातून ते पुन्हा तयार होतं. म्हणून सामू चढा असला तर औषध वाया जात नाही, सावकाश काम करतं. सातपट थांबायला लागेल असं नाही, पण अर्ध्या तासाचा हिशेब तिथे पुरत नाही.

कोकणातले आणि गोव्यातले मित्र म्हणतील, आमचं तर उलटं आहे. खरं आहे. जांभ्याच्या विहिरींचं पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी, सामू 6 च्या आसपास. तिथे क्लोरीन जोरात काम करतं, पण तेच पाणी लोखंडी पाइप खातं आणि उतरलेलं लोह क्लोरीन खातं. टाकीवर रंग छान आणि शेवटच्या नळाला काहीच नाही, असं झालं तर आधी पाइपकडे बघा.

मराठवाड्यातल्या त्या गावात आम्ही पाण्यात आम्ल घालायच्या भानगडीत पडलो नाही. गावपातळीवर कुणी पडूही नये. कोरडी पावडर टाकणं बंद केलं, कारण तिचे गोळे तळाला बसतात. बादलीत आधी लापशी, मग पाणी घालून ढवळणं, चुना खाली बसू देणं आणि वरची निवळ टाकीत. लिटरला 2 मिलिग्रॅम मात्रा म्हणजे पन्नास हजार लिटरला शंभर ग्रॅम क्लोरीन. ताज्या, तेहतीस टक्क्यांच्या पावडरीचे त्याला तीनशे ग्रॅम लागतात. गावातलं पोतं मात्र उघडं राहून वीस टक्क्यांवर आलेलं, म्हणून पाचशे. टाकी भरल्यावर व्हॉल्व्ह तासभर बंद. गटाराजवळचा गळका जोडही त्याच आठवड्यात बदलला. कावीळ ओसरली, पण श्रेय जोडाचं की तासाचं, हे मी आजही छातीठोकपणे सांगणार नाही.

एक गोष्ट ओटीबद्दल. थेंब टाकल्यावर रंग दहा सेकंदांच्या आत आला तर तो मुक्त क्लोरीनचा. पाच मिनिटांनी हळूहळू चढला तर क्लोरीन अमोनियाशी बांधलं गेलेलं असू शकतं. ते दुबळं असतं, आणि अमोनिया पाण्यात कुठून आला, हा प्रश्न सांडपाण्याकडे बोट दाखवतो. म्हणून नळी हातात धरून गप्पा मारू नका. शिवाय ओटीचं रसायन आरोग्याला घातक समजलं जातं, ते हाताला लागू देऊ नका, आणि डीपीडी मिळत असेल तर तीच वापरा.

तर सकाळच्या त्या मित्राला उत्तर: नाही, झालं नाही. उद्यापासून आपल्या वहीत पिवळ्या रंगाच्या रकान्याशेजारी तीन रकाने स्वतः आखा. औषध किती वाजता घातलं, व्हॉल्व्ह किती वाजता उघडला, आणि सामू किती होता. छापील वही येण्याची वाट बघू नका. पट्टी आणि पेन पुरे आहे.