उपाशीपोटी सकाळचा व्यायाम: कधी चालतो, कधी नडतो



आपल्यातले बरेच जण हल्ली ‘सोळा-आठ’ पाळतात. रात्री ८ ला जेवण संपवायचं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंत फक्त पाणी. व्यायाम मात्र सकाळी ६ ला, कारण सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यानंतर धावणं अवघडच. या वेळापत्रकाचा हिशेब मांडून पाहू.

शरीरात साखरेचे दोन साठे असतात. यकृतातला साधारण १०० ग्रॅमचा. तो रात्रभरात बराच खर्च होतो. स्नायूंतला त्याच्या तीन-चारपट, आणि तो झोपेत जवळपास तसाच राहतो. म्हणून सकाळी पोट रिकामं असलं तरी पायांत इंधन असतं. गप्पा मारता येतील अशा वेगानं ३०-४५ मिनिटं धावलात तर अडचण येत नाही. बरंचसं काम चरबीवर भागतं. पण तेवढ्यानं वजन जास्त उतरेल असं समजू नका. ते दिवसभरात एकूण किती खाता यावर ठरतं.

नडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, दीड तासाची धाव किंवा ४०० मीटरचे वेगवान फेरे. इथे साखर झपाट्यानं लागते आणि शेवटच्या फेऱ्यांत वेग पडतो. दुसरं, व्यायामानंतरचे तास. ७ ला वजनं उचलून झाली आणि १२ पर्यंत पोटात काहीच नाही, तर स्नायूंच्या दुरुस्तीला लागणारी प्रथिनं पाच तास उशिरा मिळतात. दुसऱ्या सकाळीही जड व्यायाम असेल, तर साठा भरायलाही तेवढाच वेळ कमी पडतो.

उपाय सोपा आहे: उपवास सोडायचा नाही, सरकवायचा. जड व्यायामाच्या दिवशी सकाळी ८ ला भाकरी, दोन अंडी, दही खा आणि शेवटचं जेवण संध्याकाळी ६ पर्यंत उरका. उपवास १४ तासांचा होईल, पण व्यायाम वाया जाणार नाही. हलक्या दिवशी १२ पर्यंत थांबायला हरकत नाही.

जमतंय की नाही, हे कसं कळेल? दोन आठवडे त्याच रस्त्यावर, त्याच वेगानं धावा आणि संपताच नाडी मोजा. ती रोज वाढत असेल किंवा नेहमीचं वजन उचलेनासं झालं असेल, तर खाणं कमी पडतंय. हात थरथरले, थंड घाम आला, तर तिथेच थांबा आणि काहीतरी गोड खा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग करूच नये.

रोजाचं गणित मात्र वेगळं. तिथे सहेरीमुळे सकाळी पोट भरलेलं असतं, पण घामात गेलेलं पाणी इफ्तारपर्यंत भरून निघत नाही. म्हणून रमजानमध्ये जड व्यायाम इफ्तारनंतर करावा, आणि हलका करायचा असेल तर इफ्तारच्या थोडं आधी, म्हणजे लगेच पाणी पिता येतं.