एक ओळ, तीन गायकी

(कर्जत येथे खालापूर-कर्जत परिसरातील तरुणांसमोर केलेले भाषण)



इथून चौकमार्गे पनवेलकडे निघालात की पनवेलच्या अलीकडे पळस्पे फाटा लागतो. तिथे आपण वडापावसाठी थांबतो. त्याच पळस्पे गावात उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी गुरुकुल उभारलं. ते रुद्रवीणा वाजवायचे. त्यांचे धाकटे भाऊ झिया फरिदुद्दीन डागर ध्रुपद गायचे आणि शिकवायचे. थोरले 1990 साली गेले, धाकटे 2013 साली. आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट, पण मला ती नोकरी लागल्यावर कळली.

मागे गप्पांमध्ये एक मुलगा म्हणाला, "भाई, ध्रुपद त्यांचं, ठुमरी आपली." वाक्य ऐकायला सोपं आहे, पण चूक आहे. का, ते गाण्यातूनच सांगतो.

मी पहिल्यांदा डागरांचं ध्रुपद लावलं तेव्हा अर्धा तास झाला तरी शब्दच येईनात. वाटलं, फाइल बिघडली. पण तो आलाप होता. त्यात तबला नाही, पखवाज नाही, फक्त तंबोरा आणि री, ना, नोम, तोम असे उच्चार. हे उच्चार हरीच्या नावाच्या मंत्रातून आले, असं डागर घराण्यातच सांगतात. आलाप आधी संथ असतो, मग त्याला लय येते, मग ती वाढते. हे सगळं झाल्यावर पखवाज सुरू होतो आणि पद येतं. पदात देवाची, राजाची किंवा संगीताचीच स्तुती असते. ध्रुपद देवळात आणि दरबारात वाढलं. समोरच्याला गुंगवण्यापेक्षा स्वर ठाम उभा करणं हे त्याचं काम. म्हणून भाव गंभीर असतो.

आता आपण एक साधं वाक्य घेऊ : "उशीर का केलास?" असं घरगुती वाक्य ध्रुपदात सहसा यायचं नाही, पण समजण्यापुरतं चालेल. चौताल बारा मात्रांचा. ध्रुपदिया ही ओळ आधी एका आवर्तनात सरळ म्हणेल. मग दुगुन करेल, म्हणजे तेवढ्याच बारा मात्रांत ओळ दोनदा बसवेल. पुढे तिप्पट, चौपट. पण "उशीर" हा शब्द प्रत्येक वेळी स्पष्ट ऐकू येईल. झपाझप ताना नाहीत, मुरक्या नाहीत.

ख्यालात हीच ओळ विलंबित एकतालात घ्या. मात्रा बाराच, पण आता आवर्तनाला कधी पाऊण मिनिट लागतं. गायक "उशीर"मधला "शी" धरतो आणि त्या ईकारावर राग उलगडत नेतो. पुढे आकारात ताना घेतो आणि "का केलास" म्हणत समेवर येतो. शब्द तुटला तरी तक्रार नाही, कारण इथे शब्द ही खुंटी आहे, कपडा रागाचा आहे. ख्याल म्हणजे कल्पना, आणि गायकाची कल्पना ऐकायलाच आपण बसलेलो असतो. बंदिशीत दोन-चार ओळी असतात, त्यांतही बरेचदा विरहिणी बोलते. पण तिचं दुःख कळलं नाही तरी मैफल अडत नाही.

ठुमरीत मात्र ते कळलंच पाहिजे. गायिका "उशीर का केलास" दहा वेळा म्हणेल : एकदा रुसून, एकदा टोमणा मारत, एकदा रात्रभर जागल्यासारखं. याला बोल बनवणं म्हणतात. खमाज, पिलू, भैरवी असे राग असतात, आणि भाव मागेल तिथे दुसऱ्या रागाचा स्वर घेतला तरी चालतो. शेवटी तबलजी लय वाढवून लग्गी वाजवतो. ख्याल गाणारे कधी ठुमरीत ताना भरतात, तेव्हा बाई रुसलीय की नाही तेच कळत नाही. ठुमरी पडली ती तिथेच. ठुमरीला "हलकाफुलका ख्याल" म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

आता त्या मुलाच्या वाक्याकडे येऊ. ठुमरी बहरली ती लखनौला, वाजिद अली शाह यांच्या दरबारात, आणि त्या नवाबाने राधा-कन्हैयावर नाट्य रचून रंगमंचावर आणलं. ठुमरीत वाट अडवणारा बहुतेक वेळा कान्हाच असतो. म्हणजे "आपली" ठुमरी ही. आणि "त्यांचं" ध्रुपद? डागरांचे पूर्वज बहराम खान जयपूर दरबारात होते, संस्कृतचे जाणकार म्हणून त्यांची ख्याती होती. मुघल दरबाराची मर्जी कमी झाल्यावर, संस्थानं गेल्यावर, ऐकणारे घटल्यावर ध्रुपद ज्यांनी धरून ठेवलं त्यांत हे मुसलमान घराणं पुढे होतं.

ख्यालाची वाटणी तर आपल्याच महाराष्ट्रात फसते. कोल्हापूरला राहिलेले अल्लादिया खान यांचं घराणं मुळात ध्रुपदियांचं. त्यांनी ख्यालाची नवी गायकी घडवली आणि ती केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी पुढे नेली. मिरजेचे अब्दुल करीम खान ख्यालही गायले आणि ठुमरीही. त्यांची कबर मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात आहे, आणि तिथे दरवर्षी गायक हजेरी लावतात.

घरी जाताना गाडीत डागर बंधूंचा आलाप लावा. शब्द येईपर्यंत पुढे ढकलू नका. कर्जतहून निघालात तर चौकपर्यंत कदाचित येणारही नाहीत.