एका धुण्याचा भाव

मैत्रिणींनो, आजच्या घाटकोपरच्या बैठकीसाठी तुम्ही दुकानातून पावडरच्या पुड्यांचे फोटो काढून आणलेत. त्यातले दोन मी घेते. एकावर १ किलो, १२० रुपये, एका धुण्याला ६० ग्रॅम. दुसऱ्यावर १ किलो, २०० रुपये, ३० ग्रॅम. किमतीला वजनाने भागा, मापाने गुणा. पहिलं धुणं ७ रुपये २० पैशांना पडतं, दुसरं ६ रुपयांना. महाग दिसणारा पुडा स्वस्त निघाला!

पण दोन्ही मापं तेवढ्याच कपड्यांसाठी आहेत का, ते पाहा. चमच्यावर मिलिलिटर लिहिले असतील, तर ते ग्रॅम नव्हेत. दहा चमचे तोलून दहाने भागा. ‘फार पावडर उडवतेस’ म्हणणाऱ्यापुढे मग हा हिशेब ठेवता येतो.