फोटो पोहोचला की नाही, हे कसं कळणार?

मासिकाकडे येणारा मजकूर उघडून पाहणं, तो लावणं आणि छपाईपर्यंत नेणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे एक वाक्य मला फोनवर वारंवार ऐकू येतं. पलीकडून लेखक सांगतात, ‘‘अहो, फोटो पाठवलाय मी. माझ्याकडे दिसतोय की!’’ ते खरंच बोलत असतात, त्यांच्याकडे तो दिसत असतो. आमच्याकडे मात्र त्या जागी कोरा चौकोन असतो, नाहीतर कोपऱ्यात फाटक्या कागदासारखं एक चिन्ह. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे आज सांगायचं आहे. एकदा ते उमगलं की अपलोड खरोखर झालं का, हे घरबसल्या स्वतःच तपासता येतं.

एक उदाहरण घेऊ. साताऱ्याजवळ लिंब गावी बारामोटेची विहीर आहे. एका शिक्षिकाबाईंनी तिच्यावर सुरेख लेख लिहिला आणि फोटोही स्वतः काढले. आमच्या संकेतस्थळावर लेख पाठवायचा एक फॉर्म आहे. त्यात त्यांनी मजकूर भरला, फोटो निवडला. निवडताक्षणी फॉर्मच्या खाली फोटोची छोटी प्रत दिसू लागली. त्यांनी ‘पाठवा’ दाबलं, ‘आपला लेख मिळाला, धन्यवाद’ असा निरोप आला. लेख आला होता. फोटो आला नव्हता.

आता यात नेमकं काय घडलं ते पाहू. फोटो निवडल्यावर खाली दिसणारी छोटी प्रत तुमच्याच फोनमधली किंवा संगणकातली असते. ब्राउझर तुमच्या साठ्यातली फाइल उघडतो आणि तुम्हालाच दाखवतो. त्या क्षणी फोटोचा एक कणही बाहेर गेलेला नसतो. इंटरनेट बंद करून पाहा, बहुतेक ठिकाणी ती प्रत तशीच दिसेल. म्हणजे ‘बरोबर फोटो निवडला’ एवढीच खात्री त्या चित्रातून मिळते, त्यापुढची मिळत नाही.

पुढचा टप्पा आकाराचा. हल्लीच्या फोनमधला फोटो सहज ४ ते ६ एमबीचा भरतो. बाईंचा फोटो साडेपाच एमबीचा होता. पलीकडे फाइल स्वीकारणाऱ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, एका फाइलला कमाल किती आकार चालेल याची मर्यादा घातलेली असते. अनेक संकेतस्थळं पीएचपी नावाच्या भाषेत चालतात, आणि तिच्यात ही मर्यादा कुणी मुद्दाम वाढवली नाही तर २ एमबी असते. फाइल त्याहून मोठी असेल तर सर्व्हर तेवढी फाइल बाजूला सारतो आणि फॉर्ममधला बाकीचा मजकूर घेतो. फाइल नाकारली गेली, अशी नोंद आतल्या आत होते. ती नोंद वाचून लेखकाला ‘तुमचा फोटो मोठा आहे’ असं सांगायचं काम संकेतस्थळ बांधणाऱ्याचं. त्याने ते केलं नसेल, तर सर्व्हर मजकूर मिळाल्याचा निरोप देतो आणि फोटोबद्दल गप्प बसतो. लेखकाला मात्र वाटतं, सगळंच पोहोचलं. माझ्या मते हा लेखकाचा दोष मुळीच नाही. फोटो घेणाऱ्या प्रत्येक फॉर्मने फोटोची पोच वेगळी द्यायला हवी, आणि तसा आग्रह आपण सगळ्यांनी धरायला हवा.

अशा वेळी फॉर्मच्या आसपास बारीक अक्षरात लिहिलेली मर्यादा आधी शोधावी. फोटो तिच्यापेक्षा मोठा असेल तर लहान करून पाठवावा. लांब बाजू १६०० पिक्सेलची ठेवली तर फाइल बहुतेक वेळा १ एमबीच्या आसपास येते. पडद्यावर वाचण्यासाठी तेवढं पुष्कळ झालं. छपाईसाठी मात्र इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे १६०० पिक्सेलचा फोटो जेमतेम साडेतेरा सेंटिमीटर रुंद छापता येतो. पानभर फोटो हवा असेल तर मूळ फाइलच पाठवावी लागते, आणि त्यासाठी दुसरी वाट धरावी लागते.

ती दुसरी वाट म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत गूगल ड्राइव्ह. बाईंनीही तेच केलं. फोटो ड्राइव्हवर चढवला आणि त्याची लिंक मेलने आम्हाला धाडली. या वेळी अपलोड अगदी पूर्ण झालं होतं, फाइल सर्व्हरवर शाबूत होती. तरी आम्ही लिंक उघडली तर समोर `You need access` अशी पाटी आली. कारण ड्राइव्हवर ठेवलेली फाइल मुळात फक्त मालकाला दिसते. परवानगीच्या ठिकाणी `Restricted` असतं, ते बदलून `Anyone with the link` करावं लागतं. बाईंनी लिंक स्वतः उघडून पाहिली होती, आणि ती उघडली होती. का? कारण त्यांच्या ब्राउझरमध्ये त्यांचंच खातं चालू होतं, आणि गूगलने मालकीणबाईंना त्यांची फाइल दाखवली.

घोळ इथेच होतो. तुम्ही स्वतः तपासता तेव्हा तुम्ही वाचक नसता. तुमच्या ब्राउझरला तुमचं खातं ठाऊक असतं, आधी पाहिलेली चित्रं त्याने साठवून ठेवलेली असतात, आणि मूळ फाइल तर तुमच्याच संगणकात असते. चित्र दाखवायला त्याच्यापाशी तीन-तीन वाटा असतात. वाचकाकडे एकच असते.

म्हणून तपासायचं ते परक्या माणसासारखं. संगणकावर क्रोममध्ये `Ctrl+Shift+N` आणि फायरफॉक्समध्ये `Ctrl+Shift+P` दाबलं की खासगी खिडकी उघडते. या खिडकीत तुमचं खातं चालू नसतं आणि जुनी साठवलेली चित्रंही वापरली जात नाहीत. फोटोची लिंक तिच्यात चिकटवा. फोटो दिसला तर तो वाचकालाही दिसेल असं मानायला चांगला आधार आहे. पासवर्ड मागितला, परवानगी मागितली किंवा कोरं पान आलं, तर वाचकाच्या वाट्यालाही तेच येणार. याहून पक्की परीक्षा हवी असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाचा फोन घ्या, त्याचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच लिंक उघडा. कार्यालयातल्या किंवा महाविद्यालयातल्या जाळ्यातून फोटो पाठवणाऱ्यांनी हे आवर्जून करावं, कारण काही पत्ते त्या इमारतीच्या आतच उघडतात.

पत्ता नुसता वाचला तरी बरंच कळतं. फोटोवर उजवं बटण दाबून त्याचा पत्ता घ्या आणि सुरुवातीची अक्षरं पाहा. तिथे `file:///C:/Users/` असं काही असेल तर फोटो तुमच्याच संगणकाच्या कप्प्यात आहे, जगात कुणालाही दिसणार नाही. सुरुवात `blob:` अशी असेल तर ती मघाशी सांगितलेली तात्पुरती प्रत, पान बंद केलं की संपली. `https://` ने सुरुवात असेल तर निदान फोटो बाहेर कुठेतरी आहे, मग खासगी खिडकीची परीक्षा घ्यावी. मेलमध्ये आलेलं चित्र तिथूनच उचलून दुसऱ्या पानावर चिकटवलं, तर बऱ्याचदा पत्ता `https://` चाच असतो, पण त्यामागे तुमच्या मेलच्या खात्याचं कुलूप असतं.

आता अर्धवट पोहोचलेल्या फोटोबद्दल. बाईंचा आणखी एक फोटो आमच्याकडे आला, त्यात वरची कमान स्पष्ट होती आणि पायऱ्यांपासून खाली सगळा करडा पट्टा. जेपीईजी प्रकारच्या साध्या फोटोत चित्र वरून खाली, ओळीमागून ओळ असं साठवलेलं असतं. पाठवताना मध्येच रेंज गेली आणि सर्व्हरने आलेला तुकडाच फाइल म्हणून ठेवून दिला, की वरचा भाग दिसतो आणि खालचा जातो. मोबाइलवर फाइल बाहेर जाण्याचा वेग आत येण्याच्या वेगापेक्षा सहसा बराच कमी असतो. त्यामुळे व्हिडिओ विनाअडथळा पाहता येतो तिथेही ५ एमबीचा फोटो वर चढायला रेंगाळतो, आणि एवढ्यात फोन खिशात गेला किंवा ॲप बंद केलं, की काम अर्ध्यावर राहतं.

हे ओळखायचं असेल तर पोहोचलेला फोटो परत उतरवून घ्या आणि त्याचा आकार मूळ फाइलशी ताडून पाहा. विंडोजमध्ये फाइलच्या `Properties` मध्ये बाइटचा नेमका आकडा दिसतो. ड्राइव्हवर किंवा मेलच्या जोडणीत दोन्ही आकडे तंतोतंत जुळले पाहिजेत. काही संकेतस्थळं फोटो स्वतःहून लहान करतात, तिथे आकडे जुळणार नाहीत. तिथे फोटो पूर्ण उघडून त्याची अगदी खालची कड पाहावी. छोट्या प्रतीवर विसंबू नये, कारण मोठी फाइल तुटली तरी छोटी प्रत काही वेळा धड दिसते.

व्हॉट्सॲपचं वेगळं सांगायला हवं, कारण आपली निम्मी देवाणघेवाण तिथेच चालते. घड्याळाचं चिन्ह असेल तर फोटो तुमच्या फोनमधून बाहेर पडलेला नाही. एक खूण म्हणजे सर्व्हरपर्यंत गेला, दोन खुणा म्हणजे समोरच्या फोनपर्यंत निरोप गेला. पण निरोप पोहोचणं वेगळं आणि फोटो उतरवून घेणं वेगळं. समोरच्याने फोटो आपोआप उतरवण्याची सोय बंद ठेवली असेल तर त्याला नुसतं धूसर चित्र दिसतं, आणि ते त्याने दाबेपर्यंत खरा फोटो त्याच्याकडे येत नाही. बऱ्याच दिवसांनी दाबलं तर फोटो आता उपलब्ध नाही, पुन्हा मागवा, असं उत्तर मिळू शकतं. शिवाय फोटो म्हणून पाठवलेली फाइल व्हॉट्सॲप दाबून लहान करतं. छपाईसाठी हवी असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावी, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते.

आयफोन वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्यावरचे फोटो बहुधा `HEIC` या प्रकारात साठवले जातात. ते पूर्ण पोहोचले तरी अनेक ब्राउझर ते दाखवत नाहीत. फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये `Formats` खाली `Most Compatible` निवडलं की पुढचे फोटो जेपीईजीमध्ये निघतात. आधी काढलेले बदलून घ्यावे लागतात.

शेवटी, फोटो पाठवताना पत्रातच लिहा, ‘सोबत चार फोटो आहेत, limb-1.jpg ते limb-4.jpg, प्रत्येक सुमारे ५ एमबी.’ फाइलची नावं साधी, इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवा, जुन्या यंत्रणा इतर नावांवर अडखळतात. एवढ्या एका ओळीमुळे आमच्याकडे तीनच आले तर ते आम्हाला त्याच दिवशी कळतं. आणि फोन करून विचाराल तेव्हा ‘मिळाला का?’ असं विचारू नका. घाईत माणूस ‘हो’ म्हणून जातो. विचारा, ‘‘चौथ्या फोटोत उजव्या कोपऱ्यात खाली काय दिसतं?’’ ज्याने फोटो पूर्ण उघडला असेल त्यालाच उत्तर देता येईल. ते उत्तर येईपर्यंत मूळ फोटो फोनमधून काढून टाकू नका.