कबूल कर, सुटशील!

(वस्तीतल्या पोरांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मी मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात वकिली करतो. तिथं आपली पोरं बेडीत येतात, तारीख घेतात, पुन्हा गाडीत बसून जेलात जातात. त्या पॅसेजमध्ये एक वाक्य सारखं ऐकू येतं. हवालदार बोलतो, दलाल बोलतो, बराकीतला जुना कैदी बोलतो, कधीकधी वकीलही बोलतो : ‘कबूल कर, सुटशील.’

आज फक्त या वाक्याबद्दल बोलायचंय. कारण यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पोरांना दोन्ही एकच वाटतात.

एक आहे साधी कबुली. मॅजिस्ट्रेट विचारतो, गुन्हा कबूल आहे का? पोरगा ‘हो साहेब’ म्हणतो. संपलं. शिक्षा किती द्यायची हे पूर्ण साहेबाच्या हातात. दुसरी आहे प्ली बार्गेनिंग, म्हणजे कबुलीचा सौदा. त्याला कायदा आहे, अर्ज आहे, मुदत आहे, शिक्षेचं गणित आहे. ‘सुटशील’ म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हाच टाकायचा : यातलं कुठलं?

हा सौदा आपल्या कायद्यात फार जुना नाही. सुप्रीम कोर्टाने १९७६ साली मुरलीधर मेघराज लोया खटल्यात, १९८० साली कासमभाई खटल्यात आणि १९८३ साली थिप्पास्वामी खटल्यात असल्या सौद्यांना झोडपून काढलं होतं. लांबलेल्या खटल्याला कंटाळून निर्दोष माणूसही गुन्हा कबूल करेल, ही भीती कोर्टानेच बोलून दाखवली होती. पुढे कोर्टात केसेसचे डोंगर झाले, विधी आयोगाने शिफारस केली, २००५ साली दुरुस्ती झाली आणि ५ जुलै २००६ पासून सौदा कायदेशीर झाला. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. कायदा बदलला, पण भीती जिथल्या तिथं आहे.

आता हा सौदा कुणाला करता येतो?

ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, त्यातल्याच आरोपीला. फाशी, जन्मठेप किंवा सात वर्षांवर शिक्षा असेल तर दार बंद. गुन्हा बाईविरुद्ध किंवा मुलाविरुद्ध असेल तरी बंद. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हेही बाहेर; कुठले, त्याची यादी केंद्र सरकारने २००६ साली काढली. त्या यादीत अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहे, नागरी हक्क संरक्षण कायदाही आहे. हे नीट ध्यानात ठेवा. आपल्या माणसाला मारून, जातीवरून शिव्या घालून ‘थोडी शिक्षा द्या, मिटवून टाकू’ असा सौदा समोरच्याला अ‍ॅट्रॉसिटीच्या कलमांवर करता येत नाही. कुणी तसा अर्ज टाकला तर ती यादी कोर्टासमोर ठेवायची.

आरोपी अल्पवयीन असेल तर हा सौदा नाहीच. त्याच गुन्ह्यात आधी शिक्षा झालेली असेल तरीही नाही.

आता एक केस घेऊ. नाव नको, कारण अशी पोरं दर तारखेला असतात. समजा, एकोणीस वर्षांचा पोरगा. बाजारात एका माणसाच्या खिशातला मोबाईल मारल्याचा आरोप. किंमत १२ हजार. मोबाईल जप्त झाला. आधी एकही शिक्षा नाही. पंधरा हजारांचा जामीन मंजूर झाला, पण हमीदार कुठून आणायचा? आई घरकाम करते. रेशनकार्डावर जामीन देईल असा माणूस मिळेना. म्हणून पोरगं आत. चार महिन्यांनी चार्ज फ्रेम झाला. पाचव्या महिन्यात बराकीतल्या कुणीतरी सांगितलं : कबूल कर, सुटशील.

सौदा करायचा तर चार्ज फ्रेम झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज द्यावा लागतो. सोबत प्रतिज्ञापत्र : मी शिक्षा किती ते समजून, माझ्या मर्जीने अर्ज करतोय, आणि याच गुन्ह्यात मला आधी शिक्षा झालेली नाही. मग कोर्ट आरोपीला बंद खोलीत एकट्याला विचारतं. तिथं सरकारी वकील नसतो, फिर्यादी नसतो. ही एकच जागा आहे जिथं पोरगा ‘साहेब, मला हवालदाराने सांगितलं म्हणून आलो’ असं बोलू शकतो. तसं निघालं तर अर्ज फेटाळला जातो आणि खटला होता तिथून पुढे चालतो. मर्जीचं आहे असं कोर्टाला वाटलं तर बैठक : सरकारी वकील, तपास करणारा पोलीस, आरोपी, ज्याचं नुकसान झालं तो, आणि आरोपीने मागितला तर त्याचा वकील. नुकसानभरपाई किती, खर्च किती, यावर साठ दिवसांत एकमत व्हायला हवं.

आता गणित बघा. चोरीला, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सौदा झाला की कोर्ट आधी प्रोबेशनचा विचार करतं. ते नाही दिलं, तर त्या गुन्ह्याच्या शिक्षेचा चौथा हिस्सा. आयुष्यात पहिलाच गुन्हा असेल तर सहावा हिस्सा. तीन वर्षांचा सहावा हिस्सा म्हणजे सहा महिने. आत काढलेले पाच महिने वजा होतात. राहिला एक. पोरगा खूश, आई खूश.

थांबा. ही सूट कशावर मिळाली? तीन वर्षांवर. पण पहिल्या, बारा हजारांच्या चोरीला तीन वर्षं देतं कोण? मी ज्या बाकावर बसतो तिथून तरी तशी शिक्षा दिसत नाही. दुकानदार हजाराच्या शर्टावर सहा हजार लिहितो आणि म्हणतो, तुझ्यासाठी फक्त हजार! तसला हा सेल आहे. म्हणून तुलना कायद्यातल्या मोठ्या आकड्याशी करायची नाही. या कोर्टात अशा केसला खरोखर काय होतं, त्याच्याशी करायची. ते वकिलाला विचारायचं.

आणि या सहा महिन्यांच्या बदल्यात पोरगा काय देतो?

पहिलं, खटला देतो. चोरी सिद्ध करायचं ओझं सरकारवर होतं. पंच तेच ठरलेले पंच आहेत का, मोबाईल खरंच याच्याच खिशातून निघाला का, फिर्यादीने याला ओळखलं कसं, हे उलटतपासणीत विचारायचा हक्क होता. तो गेला.

दुसरं, अपील देतो. साध्या खटल्यात शिक्षा झाली तर सेशन्स कोर्टात जाता येतं. सौद्याच्या निकालावर अपील नाही. फक्त हायकोर्टात रिट किंवा सुप्रीम कोर्टात विशेष परवानगी. ज्याला पंधरा हजारांचा हमीदार मिळाला नाही, तो दिल्लीला जाणार!

तिसरं सगळ्यांत महाग. तो ‘शिक्षा झालेला’ होतो. हे सुटणं नव्हे. पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यात ‘हो’ लिहावं लागतं. उद्या पुन्हा चोरीचा आरोप आला आणि सिद्ध झाला, तर कलम ३०३ सांगतं : दुसऱ्या वेळी कमीत कमी एक वर्ष, जास्तीत जास्त पाच. आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम ५७ अशा शिक्षा झालेल्यांना तडीपार करण्यासाठीच आहे. सहा महिन्यांची पावती फाडली, पण हप्ते पुढे चालूच.

सौदा फिसकटला तर अर्जातलं आरोपीचं म्हणणं दुसऱ्या कशासाठी वापरता येत नाही, असं कलम २९९ म्हणतं. चांगलं आहे. पण ज्या न्यायाधीशाने तो अर्ज वाचला, त्याने पुढे खटला चालवू नये, असं या प्रकरणात कुठे लिहिलेलं नाही.

म्हणून अर्जावर अंगठा देण्याआधी तीन दारं ठोकून बघायची.

एक, तडजोड. चोरी तडजोडपात्र आहे. मोबाईलवाल्याला मोबाईल परत मिळालाय, त्याला कोर्टाच्या चकरा नको आहेत. तो तडजोडीला तयार झाला तर पोरगा निर्दोष सुटल्यासारखा धरला जातो. नीट ऐका : तोच फिर्यादी, तीच भरपाई, तीच बैठक. एका कागदाने निर्दोष, दुसऱ्या कागदाने गुन्हेगार. आणि पोराला दुसरा कागद आधी दाखवतात.

दोन, मुद्देमालाची किंमत. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलीच शिक्षा, वस्तू किंवा तिची किंमत परत केलेली, तर कलम ३०३ मध्ये शिक्षा समाजसेवेची आहे. जेल नाही. म्हणून जुना फुटका मोबाईल पंचनाम्यात किती रुपयांचा दाखवलाय, हे वाचायचं.

तीन, जामीन. पोरगा कबूल करतोय तो चोरी केली म्हणून नाही, हमीदार नाही म्हणून. मग हमीदाराचाच प्रश्न सोडवायचा. सुप्रीम कोर्टाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलंय : जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेल अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिन्याभरात बंदपत्र भरलं गेलं नाही तर कोर्टाने स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करायचा. वैयक्तिक जातमुचलक्यासाठी अर्ज द्या. शिवाय आधी कधी शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेचा तिसरा हिस्सा, म्हणजे इथं एक वर्ष, आत काढलं तर कलम ४७९ खाली बंदपत्रावर सोडायचं असतं. पण एक वर्ष वाट बघण्याआधी हमीची अट बदलून घ्या.

वकील कुठून आणणार, म्हणाल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला फुकट वकील आहे, उत्पन्नाचा दाखला न मागता. कोठडीतल्या कुणालाही आहे. तो वकील सौद्याच्या बैठकीत सोबत बसवायचा.

मोर्चातल्या केसेसचं वेगळं सांगतो. सरकारी कामात अडथळा, जमावबंदी मोडली, असली कलमं. आंदोलनातले खटले मागे घेण्याचे निर्णय सरकारं वेळोवेळी काढतात, कोर्टाची परवानगी मिळाली की खटला संपतो. ज्याने आधीच कबूल करून शिक्षा घेतली, त्याचा मागे घ्यायला खटलाच उरत नाही.

मग सौदा कधीच करू नये? तसं नाही. पुरावा पक्का आहे, फिर्यादी तडजोडीला तयार नाही, सात वर्षांच्या आतलं प्रकरण आहे, तर करा. पण तेव्हा सहावा हिस्सा मागू नका, प्रोबेशन मागा. १९५८ च्या प्रोबेशन कायद्याखाली सोडलं तर जेल टळतो, आणि त्याच कायद्याचं कलम १२ शिक्षेमुळे चिकटणारी अपात्रता काढून टाकतं. डाग पूर्ण पुसला जात नाही, नोकरी देणारा मूळ वागणं बघू शकतो, पण दार तरी किलकिलं राहतं.

उद्या वस्तीतल्या कुणाची आई तुमच्याकडे येईल. म्हणेल, साहेब बोलले कबूल केलं की सुटेल. तिला विचारा : चार्ज कधी फ्रेम झाला? कलम कुठलं? माल किती रुपयांचा? फिर्यादी कोण, भेटेल का? जामीन मंजूर झालाय का, अडलाय कशावर? या पाच प्रश्नांची उत्तरं वहीत लिहून घ्या आणि मगच पोराला भेटायला जेलच्या मुलाखतीच्या खिडकीवर जा.