गेलेला दम आणि उरलेला दम

मंडळी, बिडी ओढणारा माणूस पन्नाशीला आला की त्याची एक तक्रार सुरू होते. "पूर्वी भरलेलं पोतं पाठीवर घेऊन मी चढ चढत होतो. आता रिकाम्या हातानं चढलो तरी मध्ये बसावं लागतं." घरची माणसे म्हणतात, वय झालं. तोही म्हणतो, वय झालं. पण त्याच वयाचा, बिडी न ओढणारा शेजारी अजून नांगर धरतो, त्याचे काय? तेव्हा हे नुसत्या वयाचे काम नव्हे. हे धुराचे काम आहे.

डॉक्टर या रोगाला सीओपीडी म्हणतात. आपल्याकडे सरसकट दमा म्हणतात, पण नेहमीचा दमा वेगळा. तो बहुधा लहानपणापासून असतो, येतो आणि जातो. मधल्या दिवसांत माणूस ठणठणीत असतो. हा रोग मात्र हळूहळू, न कळत येतो आणि आला की मुक्कामच ठोकतो.

छातीत काय होते ते पाहू. आपल्या फुप्फुसात हवेच्या बारीक बारीक नळ्या असतात. नळ्यांच्या टोकांना द्राक्षाच्या घडासारख्या इवल्या पिशव्या असतात. हवेतला प्राणवायू त्या पिशव्यांतून रक्तात जातो. वर्षानुवर्षे धूर गेला की नळ्या आतून सुजतात, कफाने भरतात. पिशव्यांच्या भिंती फाटतात आणि अनेक लहान पिशव्यांची एक ढिली मोठी पिशवी होते. या भिंतीच नळ्यांना चहूकडून ताणून उघड्या ठेवतात, जशा दोऱ्या मांडवाला ताणून धरतात. दोऱ्या तुटल्या की मांडव खाली बसतो. तशी श्वास सोडताना नळी मिटते.

म्हणून या रोग्याची खरी अडचण श्वास घेण्याची नसते, सोडण्याची असते. जुनी हवा पुरती बाहेर पडत नाही, तोच नवा श्वास घ्यावा लागतो. चढावर माणूस घाईघाईने श्वास घेतो आणि छाती आणखी फुगते. भरलेल्या हंड्यात आणखी पाणी कुठे मावणार? त्यालाच आपण दम लागला म्हणतो.

आता खरा प्रश्न. लोक म्हणतात, "तीस वर्षं ओढली, आता सोडून काय उपयोग? जायचं ते गेलंच की." यातले अर्धे खरे आहे. फाटलेल्या भिंती पुन्हा शिवता येत नाहीत. बिडी सोडूनही नाही, औषधानेही नाही. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. पण उरलेले अर्धे साफ चूक आहे, ते कसे ते हिशेबाने पाहू.

मोठ्या दवाखान्यात फुंकायचे एक यंत्र असते. छाती भरून श्वास घ्यायचा आणि जोराने सोडायचा. पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडली ते यंत्र सांगते. समजा, एक नाना आहेत. वय पन्नास. त्यांच्या उंचीच्या निरोगी माणसाची हवा अंदाजे तीन लिटर निघायला हवी. नानांची निघाली १,८०० मिलिलिटर, म्हणजे दोन लिटरलाही कमी.

ही हवा वयाबरोबर सगळ्यांचीच थोडी थोडी घटते. बिडी न ओढणाऱ्याची वर्षाला साधारण ३० मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. हा रोग जडलेला माणूस बिडी ओढत राहिला तर सुमारे ६० मिलिलिटर, म्हणजे चार चमचे. दोन चमच्यांचा फरक! तो काय मोठा, असे वाटेल. पण पुढे बघा. हवा एक लिटरपर्यंत उतरली की बहुतेकांना अंघोळ करताना, कपडे घालतानाही दम लागू लागतो. नानांपाशी तिथवर जायला ८०० मिलिलिटर शिल्लक आहेत. बिडी चालू ठेवली तर ती शिल्लक तेरा वर्षांत संपेल. नाना तेव्हा त्रेसष्ट वर्षांचे असतील. आज सोडली तर ती सुमारे सव्वीस वर्षे पुरेल, म्हणजे शहात्तर वर्षांपर्यंत. हिशेब अंदाजाचा आहे, माणसागणिक कमीजास्त होईल. पण नातवाच्या लग्नात मांडवात हिंडायचे की खाटेवर बसून राहायचे, एवढे अंतर त्यात आहे.

हे आकडे आम्ही मनाने रचलेले नाहीत. अमेरिका आणि कॅनडात १९८६ साली सुमारे सहा हजार विडीकाडीवाल्यांची अशी पाहणी सुरू झाली. अकरा वर्षांनी मोजले, तेव्हा सोडलेल्या पुरुषांची हवा वर्षाला तीसेक मिलिलिटरने घटली होती आणि ओढत राहिलेल्यांची दुपटीहून जास्त. नुसत्या कमी करण्याने असा लाभ होत नाही. दहाच्या पाच केल्या तर माणूस त्या पाच अधिक खोल ओढतो, शरीर आपली तलफ वसूल करते. तेव्हा साफ सोडणे हाच मार्ग. बिडीऐवजी मिश्री-तंबाखू घेऊ नका, त्याने तोंडाचा कॅन्सर होतो.

बिडी सोडल्यावर मात्र एक फसगत होते. पहिले काही आठवडे खोकला कधी कधी वाढतो. माणूस म्हणतो, "बघा, बिडी होती तेव्हा बरं होतं," आणि पुन्हा काडी ओढतो. खरे असे की नळ्यांत बारीक केसांसारखे झाडू असतात. ते कफ वर ढकलतात. धुराने ते झोपलेले असतात. धूर थांबला की जागे होतात आणि साचलेला कफ काढू लागतात. म्हणून वाढलेल्या त्या खोकल्याला भिऊ नका. काही आठवड्यांत तो उतरतो. परंतु खोकला दोन आठवड्यांहून अधिक राहिला, रक्त पडले, संध्याकाळी ताप आला किंवा वजन घटले, तर क्षयाची तपासणी आधी करून घ्यावी.

तलफ पहिल्या आठवड्यात जोरात येते. चिडचिड होते, झोप लागत नाही, पोटही साफ होत नाही. एकेक तलफ मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढी पाणी पिऊन, हाताला काम देऊन टाळावी. महिन्याभरात जोर ओसरतो. जमत नसेल तर सरकारी दूरध्वनीवर, १८०० ११ २३५६ या क्रमांकावर फुकट सल्ला मिळतो. डॉक्टरही मदतीला गोळी किंवा च्युइंगम देतात. श्वासाचा पंप दिला असेल तर तोही घ्यावा. पंपाने नळ्या मोकळ्या होतात, पण बिडी सुटली नाही तर घसरण थांबत नाही. आयाबायांनो, चुलीच्या धुरानेही हाच रोग होतो. घरात धुराला वाट करून द्या.

चढावर दम लागला तर काय करावे? थांबावे. पुढे वाकून हात गुडघ्यावर टेकावेत. नाकाने एक, दोन म्हणत श्वास घ्यावा. मग शीळ घालताना करतो तसे ओठ करून एक, दोन, तीन, चार म्हणत हळू सोडावा. ओठ अरुंद राहिले की नळ्या मिटत नाहीत, जुनी हवा निघते. असे करूनही दम बसला नाही, ओठ निळे पडले, कफ एकाएकी पिवळा-हिरवा आणि जास्त झाला किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला, तर सकाळची वाट पाहू नये, त्याला तडक दवाखान्यात न्यावे.